उरले फक्त आकडे

दिवाळी पहाटेला दहा दिवस उरले की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच समई, तीच रांगोळी आणि वर ‘उरले फक्त १० दिवस!’ दुसऱ्या दिवशी ९. समई जागची हलत नाही. वजाबाकी लोकांनाही येते हो. त्यांना हवं असतं गाणार कोण, पास कुठे मिळणार, गाडी कुठे लावायची. नेमकं तेच सचिवांनी आदल्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं.

पहिली पोस्ट टाकण्याआधी सांगण्याजोग्या नव्या गोष्टी कागदावर उतरवाव्यात. सहाच निघाल्या, तर मालिका सहाचीच. पास आणि गायक सुरुवातीला, कारण त्यावर लोक बेत ठरवतात. पार्किंग शेवटच्या दोन दिवसांत, आधी सांगितलं तर कोण लक्षात ठेवतंय!

आणि प्रत्येक पोस्टमध्ये तारीख, वेळ, जागा पुन्हा लिहायचीच. नाहीतर ‘उरले फक्त २ दिवस’ फॉरवर्ड होत होत भाऊबीजेला कुणा काकूंच्या माहेरच्या ग्रुपवर पोचतं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांचे भाऊ अत्तर लावून मैदानावर हजर. मैदानात मांडवाचे खड्डे तेवढे उरलेले.