सबस्क्रायबरांना माझी ओळख, अनोळख्यांना माझी माफी

माझं बागकामाचं एक यूट्यूब चॅनल आहे, हे मी कोणाशीही ओळख झाल्यावर अर्ध्या मिनिटात सांगतो. डोंबिवलीतल्या बाल्कनीत माणूस काय काय पिकवू शकतो हा त्या चॅनलचा विषय आहे आणि आजवर तिथे सर्वांत जोमाने आलंय ते माझं बोलणं. सबस्क्रायबर बेताचे. त्यातले निम्मे नातेवाईक, उरलेले बहुतेक त्या नातेवाइकांनी भरीस घातलेले. तरीही हे सगळे मिळून माझं ऐकतात, म्हणजे मी सांगितलेलं औषध आपापल्या कुंड्यांवर मारतात, ही जबाबदारी थोडी नव्हे.

तर जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर मी एक व्हिडिओ केला. निमतेलाचं प्रमाण साधं आहे: एक लिटर पाण्यात पाच मिली तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा द्रवरूप साबण आणि फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. व्हिडिओत माझ्या हातात चहाचा छोटा चमचा आहे, म्हणजे बरोबर पाच मिली. तोंडाने मात्र मी ठणठणीत आवाजात ‘पन्नास’ म्हणालोय. माझ्या प्रेक्षकांनी चमच्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. पहिला फोटो ठाण्याच्या आत्याने पाठवला. जास्वंदीची पानं कडांनी करपून तपकिरी झाली होती आणि खाली आत्याने एकच ओळ लिहिली होती: ‘ढेकूण मेले. झाडही.’

मी तातडीने दुरुस्तीचा व्हिडिओ केला. चेहरा गंभीर, मागे करपलेली कुंडी, सुरुवातीलाच ‘तुमच्या जास्वंदीची पानं जळली असतील तर त्याला मी जबाबदार आहे’. याच सुमारास चॅनलचा ट्रेलरही तयार झाला होता. त्यात मी हसतमुख, मागे टवटवीत मोगरा आणि पहिलं वाक्य: ‘नमस्कार, तुम्ही मला ओळखत नसाल...’ आता हे दोन व्हिडिओ चॅनलच्या पहिल्या पानावर लावायचे होते. यूट्यूब स्टुडिओत कस्टमायझेशनमध्ये गेलं की होम टॅबच्या मांडणीत त्यासाठी दोन वेगवेगळ्या जागा असतात. एकीवर लिहिलेलं असतं `Channel trailer for people who haven't subscribed`, दुसरीवर `Featured video for returning subscribers`. इतकं स्वच्छ लिहिलेलं असल्यावर चूक करायला खास बुद्धी लागते. ती माझ्याकडे आहे.

माझा विचार असा: ट्रेलर मी घाम गाळून केलाय, तो आधी आपल्या माणसांनी बघायला हवा. आणि परक्या माणसाला काय दाखवावं? आपलं सर्वांत ताजं, सर्वांत प्रामाणिक काम. म्हणून ट्रेलर सबस्क्रायबरांच्या जागी आणि दुरुस्ती अनोळख्यांच्या जागी लावून मी समाधानाने बाहेर पडलो. वर कोपऱ्यातलं `Publish` दाबायचं राहिलंच होतं, म्हणून पहिले काही दिवस जगात काहीच घडलं नाही. बदल नुसते निवडून भागत नाही, ते बटण दाबेपर्यंत पान जुनंच राहतं. ते बटण मला दाखवून दिलं मुलीने. त्यानंतर जे व्हायचं ते सुरू झालं.

ही व्यवस्था म्हणजे कार्यालयाच्या दारात उभा असलेला तो करवला. येणाऱ्याला तो आधी विचारतो, ‘मुलाकडचे की मुलीकडचे?’ आणि मगच नाश्त्याची दिशा दाखवतो. यूट्यूबही चॅनलच्या पहिल्या पानावर येणाऱ्याचं खातं बघतं. सबस्क्राइब केलेलं असेल तर एक व्हिडिओ, नसेल तर दुसरा. मी करवल्याला उलटी यादी दिली होती.

आत्याचा फोन आला. “अरे, तुला पाळण्यात मी झोपवलंय आणि तू मला विचारतोस, ‘तुम्ही मला ओळखत नसाल’? वर पुन्हा सबस्क्राइब करा म्हणतोस. तूच घरी येऊन माझ्या फोनवर करून गेला होतास ना?” नाशिकच्या मेव्हण्यांनी तर माझी तब्येत विचारली. विसरभोळेपणाची सुरुवात अशीच होते, असं त्यांनी बायकोला हळूच सांगितलं. आणि ज्यांच्यासाठी दुरुस्तीचा एवढा खटाटोप, त्या सबस्क्रायबरांना पहिल्या पानावर तिचा मागमूसही नव्हता. कल्याणला आणखी एक जास्वंद गेली.

दुसऱ्या दाराशी याहून वाईट प्रकार चालला होता. मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत हे शोधत एखादा भला माणूस चॅनलवर यायचा आणि पान उघडताच एक गृहस्थ हात जोडून म्हणायचा की तुमची झाडं मी मारली. तिथे लोकांच्या प्रतिक्रिया आल्या. एकाने लिहिलं, ‘कोणती झाडं?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘काका, आमच्याकडे झाडंच नाहीत.’ त्या पानावरून कोणी सबस्क्राइब केलं असेल तर ते निव्वळ दयेपोटी.

भरीला वर्णनाची गंमत. संगणकावर चॅनलचं पान उघडलं की या व्हिडिओच्या शेजारी त्याचं शीर्षक आणि वर्णनाच्या पहिल्या काही ओळी दिसतात. जाणकार तिथे चॅनल कशाबद्दल आहे हे दोन वाक्यांत लिहितात. मी दुरुस्तीचा व्हिडिओ घाईत चढवताना तिथे लिहून ठेवलं होतं: ‘हे नंतर बदलणे. मुलीला विचारणे.’

हे सगळं मला स्वतःला का दिसलं नाही? कारण आपल्याच चॅनलला आपण सबस्क्राइब करू शकत नाही. मालक आपल्या खात्यातून पाहुणाही नसतो आणि आपल्या माणसांतलाही नसतो. म्हणून तपासायचं तर दोन वेश घ्यावे लागतात. खासगी विंडो उघडून, कुठल्याच खात्यात न शिरता चॅनलचं पान बघितलं की अनोळख्याला काय दिसतं ते कळतं. आणि सबस्क्राइब केलेल्या दुसऱ्या खात्यातून बघितलं की आपल्या माणसांना काय दिसतं ते कळतं.

मी दुसऱ्या वेशासाठी बायकोचा फोन घेतला. तोवर दोन्ही व्हिडिओ योग्य जागी लावले होते. चॅनल उघडलं, वर दुरुस्ती झळकली, मी ती कौतुकाने शेवटपर्यंत पाहिली. पुन्हा चॅनलवर आलो तर दुरुस्ती गायब. स्टुडिओत जाऊन बघितलं तर निवड जागच्या जागी. काढून पुन्हा लावली, `Publish` दाबलं, फोनवर बघितलं, नाही. बायको म्हणाली, “फोन द्या आता, भाजी करपतेय.” मी म्हणालो, “एक मिनिट, चॅनल बिघडलंय.” बिघडलं काहीच नव्हतं. सबस्क्रायबरांसाठीचा व्हिडिओ त्या सबस्क्रायबराने एकदा पाहिला की त्याला तो त्या जागी पुन्हा दाखवत नाहीत. तो नियमच आहे आणि शहाणा नियम आहे. आत्याने माझी माफी एकदा ऐकली, मान्य केली, आता दरवेळी दारात तीच का ऐकावी? मी मात्र तपासणीच्या उत्साहात तपासणीचं खातंच खर्च करून बसलो होतो. नंतर मेव्हण्यांच्या फोनवर बघितलं, तिथे दुरुस्ती व्यवस्थित दिसत होती. ती मी चालू न करता लगेच बंद केली.

नागपूरच्या मामांचं कोडं त्यानंतरही सुटेना. ते जुने सबस्क्रायबर, पण त्यांना रोज ट्रेलरच दिसायचा. “तू रोज नमस्कार करतोस, बरं वाटतं रे, पण पुढे काही सांगशील की नाही?” मामा टीव्हीवर बघतात आणि टीव्ही मामेभावाच्या खात्यावर आहे. सबस्क्राइब केलंय ते मामांच्या मोबाइलवरच्या खात्याने. टीव्हीच्या लेखी मामा परके. सबस्क्रिप्शन खात्याला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. खात्यात न शिरता बघणारा कितीही जुना भक्त असला तरी त्याला ट्रेलरच मिळणार.

चुकलेली मांडणी ओळखायची एक खूण मला अॅनालिटिक्समध्ये मिळाली असती, मी तिकडे फक्त आकडा वाढला का ते बघायला जातो म्हणून मिळाली नाही. ट्रेलरचे प्रेक्षक सबस्क्राइब केलेले किती आणि न केलेले किती, हे तिथे वेगवेगळं दिसतं. माझा ट्रेलर जवळजवळ सगळा सबस्क्रायबरांनीच पाहिला होता. अनोळख्यांसाठी केलेल्या व्हिडिओचं असं झालं की तो चुकीच्या जागी बसलाय हे समजायला हरकत नाही.

खरं तर दुरुस्तीसाठी ही जागाच अपुरी होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. चॅनलच्या पहिल्या पानावर येतो कोण? बहुतेक लोक शोधातून किंवा यूट्यूबने सुचवलेल्या यादीतून थेट व्हिडिओवर उतरतात आणि तिथूनच परत जातात. जास्वंदीचा तो व्हिडिओ उघडून थेट फवारणीला निघालेल्या माणसाला दाराशी लावलेली माफी कशी दिसणार? चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलून त्याच दुव्यावर दुसरी ठेवता येत नाही. पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो. मी ‘पन्नास’ कापलं, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत पाच मिली लिहिलं आणि प्रतिक्रियांत तेच लिहून सर्वांत वर पिन केलं. आता त्या व्हिडिओत मी काहीच प्रमाण सांगत नाही, नुसता चमचा दाखवतो. आत्याच्या मते हा माझा सर्वांत चांगला व्हिडिओ आहे.

सध्या अनोळख्यांना मोगरा दिसतो, सबस्क्रायबरांना दुरुस्ती. दुरुस्ती बहुतेकांनी पाहून टाकलीय, म्हणजे ती जागा लवकरच नव्या व्हिडिओसाठी मोकळी करायला हवी. तुम्ही माझं चॅनल बघत असाल तर कृपया आपल्या स्वतःच्या खात्यात शिरून बघा. नाहीतर मी तुम्हाला दरवेळी ‘तुम्ही मला ओळखत नसाल’ म्हणेन, आणि त्याबद्दल आत्याकडे तक्रार करू नका.