चौतीस पानं आणि एक भाचा

आमच्या एजन्सीत दर महिन्याच्या १ ते ५ तारखेला जे चालतं, त्याला ऑफिसात ‘रिपोर्टिंग’ म्हणतात. माझी बायको त्याला सुतक म्हणते, कारण त्या पाच दिवसांत मी कुठल्याही शुभकार्याला हजर नसतो.

पुण्यातल्या एका मॉड्युलर किचनवाल्या काकांचा रिपोर्ट ३४ पानांचा असे. पहिल्या पानावर त्यांचा लोगो, दुसऱ्यावर आमचा, तिसऱ्यावर अनुक्रमणिका. पुढे इंप्रेशन्स, रीच, क्लिक्स, फॉलोअर्स आणि महिन्याभरातल्या प्रत्येक पोस्टचा फोटो. हा फोटो मुळात काकांनीच आम्हाला पाठवलेला असे, तो आम्ही त्यांना परत दाखवायचो. चौतिसाव्या पानावर जोडलेले हात आणि ‘धन्यवाद’. मधली पानं म्हणजे लग्नातले मंत्र. कळत कुणालाच नाहीत, पण कमी झाले तर दक्षिणेवरून कुरबुर व्हायची.

सप्टेंबर २०२५चा रिपोर्ट मात्र मी ताठ मानेने घेऊन गेलो. जाहिरातींवरून आलेल्या चौकश्या, म्हणजे आमच्या भाषेत लीड्स, गेल्या सप्टेंबरला ६७ होत्या, यंदा ९४. चाळीस टक्के वाढ! हे वाक्य मी सातव्या पानावर हिरव्या चौकटीत टाकलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

“गेल्या वर्षी गणपती कधी होते?”

“सात तारखेला.”

“म्हणजे सतरापर्यंत गणपती, अठरापासून पितृपक्ष, तो थेट महिना संपेपर्यंत. यंदा पितृपक्ष एकवीसला संपला आणि बावीसला घट बसले. पितृपक्षात नवं किचन कोण बुक करतंय? मग ही वाढ तुमची की घटस्थापनेची?”

मी पाण्याचा ग्लास संपवला. काका थांबले नाहीत. “आणि हे अकरा लाख इंप्रेशन्स. अकरा लाख लोकांनी माझी जाहिरात पाहिली म्हणता?” मी खरं ते सांगितलं, की हा आकडा माणसांचा नसून जाहिरात किती वेळा दिसली त्याचा असतो, एकाच माणसाला ती दहादा दिसली तर दहा. “म्हणजे एकच पाहुणा दहादा चहा पिऊन गेला, तर दहा पाहुणे आले म्हणायचं?” काकांनी रिपोर्ट मिटला. “एक पान द्या. धंदा किती झाला आणि आता काय करायचं, एवढंच.”

एक पान करणं मला सोपं वाटलं. मी अक्षरं लहान केली. सगळे तक्ते, सगळे गोल आलेख एका पानावर बसले. वाचायला भिंग लागलं असतं इतकंच. त्यातून काही काढायचं म्हटलं की ऑफिसात भाऊबंदकी सुरू. एसईओवाल्याला त्याचे कीवर्ड्स हवेत, डिझायनरला तिचा डोनट. प्रत्येकाला वाटत होतं, आपली ओळ गेली की आपली नोकरी गेली. शेवटी आमच्या मॅडमनी मला विचारलं, “पहिली ओळ काय आहे?” आणि माझ्या लक्षात आलं, की ती ओळ आमच्याकडे नाहीच. किचनच्या किती ऑर्डरी आल्या हे आमच्या एकाही डॅशबोर्डला माहीत नव्हतं. ते काकांच्या लाल वहीत होतं.

मग मी दोन दिवस शोरूममध्ये बसून आमची लीड्सची शीट आणि त्यांची वही फोन नंबरावरून जुळवली. हे काम वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात फॉर्म भरते बायको, आणि ऑर्डर नोंदवतो नवरा, त्याच्या नंबरावर. एक जोडी तर मला फक्त सोसायटीच्या नावावरून सापडली. तेव्हा कुठे चित्र दिसलं. ९४ चौकश्या, त्यातून शोरूमला आले २२ जण. महिन्यात जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी ५, मिळून १४ लाखांच्या. त्यातल्या चार घरांनी पहिली चौकशी जुलै-ऑगस्टमध्येच केली होती. किचन म्हणजे वडापाव नव्हे, लोक सहा-आठ आठवडे घोळ घालतात. म्हणून सप्टेंबरचा खर्च आणि सप्टेंबरच्या ऑर्डरी एकाखाली एक मांडल्या तर ते गणित दिसतं छान आणि असतं खोटं. पाच ऑर्डरी पुढच्या महिन्यात तीनही होतील, त्यावरून बोंब मारायची नाही. त्यामुळे ऑर्डरींसाठी तीन महिन्यांची बेरीज घेतली, आणि या महिन्याचा निकाल म्हणून शोरूम-भेटी धरल्या, त्या लवकर कळतात. जाहिरात ६०,००० आणि आमची फी २५,००० धरून एक भेट साधारण ३,८६० रुपयांना पडली. आमची फी त्यात धरताना मॅडमच्या चेहऱ्यावर सुतक आलं होतं, पण त्यांनी धरू दिली.

आणि मग सापडली खरी गोष्ट. ९४पैकी ३८ चौकश्या शनिवार संध्याकाळ ते सोमवार या काळात आल्या होत्या. शनिवार-रविवार शोरूममध्ये गर्दी, सोमवारी शोरूम बंद, त्यामुळे त्यांना पहिला फोन जायचा मंगळवारी दुपारी. त्या ३८मधून शोरूमला आले फक्त ३. उरलेल्या ५६ जणांना त्याच दिवशी फोन गेला होता, त्यांतून आले १९. रविवारी चार ठिकाणी फॉर्म भरणारं कुटुंब मंगळवारपर्यंत तिघांची किचनं बघून मोकळं झालेलं असतं. गंमत म्हणजे वारानुसार चौकश्यांचा आलेख आमच्या जुन्या रिपोर्टात होता. पान २३. सुंदर जांभळा रंग दिला होता त्याला.

नवं पान असं झालं. पहिली ओळ: ‘सप्टेंबरमध्ये जाहिरातींतून २२ कुटुंबं शोरूमला आली, ठरलेलं लक्ष्य ३० होतं.’ लक्ष्य हुकलं हे पहिल्याच ओळीत लिहिताना माझा हात थरथरला. जुन्या पद्धतीत ते सव्विसाव्या पानावर ‘सुधारणेस वाव’ या नावाने राहायचं. दुसरी ओळ कारणाची, तिथे ३८ आणि ३. तिसरी पंचांगाची: ‘गेल्या सप्टेंबरशी तुलना केलेली नाही, सण सरकले आहेत.’ खाली पुढची कामं तीनच, प्रत्येकासमोर माणूस आणि तारीख. शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर काकांनीच द्यायचं: सोमवारी फोनसाठी अर्धा दिवस माणूस बसवता का? कीवर्ड्स आणि डोनट परिशिष्टात गेले, मागितले तर मिळतील या अटीवर. दोघंही अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

६ ऑक्टोबरला पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. अकरा मिनिटांत काकांचा फोन. इतक्या वर्षांत ते रिपोर्ट वाचून फोन करताहेत हे पहिल्यांदाच.

“पहिलं काम वाचलं. ‘शनि-रवीच्या चौकश्यांना दोन तासांत फोन, १२ ऑक्टोबरपासून’ हे ठीक. पण पुढे माझ्या भाच्याचं नाव का छापलंत?”

“काका, फोन तेच करतात ना?”

“करत नाही म्हणून तर तुम्ही लिहिलंत! अहो, हे पान ताईने वाचलं तर दिवाळीत भाऊबीज होणार नाही माझी. नाव काढा.”

नाव काढून मी ‘शोरूम’ लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. “शोरूम म्हणजे कोणीच नाही. मीच फोन करीन असं वाटेल त्याला. नाव घाला परत. ताईचं बघतो मी.”

१३ तारखेला, म्हणजे शोरूम बंद असायच्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला अनोळखी नंबरावरून फोन आला.

“दादा, मी भाचा बोलतोय. कालच्या सातही लोकांना फोन झाले. त्या पानावर माझ्या नावापुढे ‘झालं’ असं कुणी लिहायचं, तुम्ही की मी? आईला पाठवायचंय.”