रविवार, दिनांक शनिवार

सप्टेंबर उजाडला की कोपरगावात सभांचा हंगाम सुरू होतो. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या साखर कारखान्यांपासून आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीपर्यंत सगळ्यांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची असते. ३१ मार्चपासून सहा महिने, कायदाच तसा आहे. आमच्या सेक्रेटरींनी नोटिशीचा मसुदा दिला आणि म्हणाले, "नुसतं शुद्धलेखन बघा हो."

शुद्धलेखन उत्तम होतं. सभा मात्र "रविवार, दि. २७ सप्टेंबर २०२५" रोजी होती, आणि त्या दिवशी शनिवार. म्हणजे निम्मे सभासद शनिवारी येणार, निम्मे रविवारी, आणि कोरम दोन्ही दिवशी अपुरा. तारीख २८ केली. मग नोटिशीवरची तारीख पाहिली: १४ सप्टेंबर. "बरोब्बर चौदा दिवस!" सेक्रेटरी खूश. उपविधीत 'पूर्ण' चौदा दिवस आहेत. नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. १५ ते २७ मोजा, तेरा भरतात. नोटीस १३ तारखेलाच हातात पडायला हवी, नाहीतर थकबाकीदारालाही उपनिबंधकांकडे अर्ज करायला कारण मिळतं.

पुढे विषयपत्रिका. विषय क्र. ५ दोनदा: एकदा लेखापरीक्षकाची नेमणूक, एकदा मेंटेनन्स वाढ. इतिवृत्तात "विषय क्र. ५ मंजूर" एवढंच लिहिलं की पुढच्या वर्षी भांडायला विषय तयार. शिवाय "सन २०२५-२६ चे हिशेब मंजूर करणे". ते वर्ष अजून अर्धंही सरलेलं नाही! मंजूर करायचे ते २०२४-२५ चे. २०२५-२६ साठी लेखापरीक्षक नेमायचा. ही गफलत गेल्या वर्षीच्या फाइलवर 'सेव्ह अॅज' केल्यानं होते. एका जागी वर्ष बदलतं, दुसरीकडे राहून जातं, तिसरीकडे नको तिथं बदलतं.

खरी मजा ठरावांत. "पाण्याच्या टाकीबाबत योग्य तो निर्णय घेणे." योग्य तो म्हणजे कोणता? मी लिहिलं: "गच्चीवरील टाकीच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवून कमाल २,४०,००० रुपये खर्चास मंजुरी देणे व त्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून १०,००० रुपये ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दोन हप्त्यांत घेणे." आकडा नोटिशीतच असला की माणूस घरी बसून हिशेब करतो. नाहीतर तो आकडा "ऐनवेळचे विषय" या चोरदरवाज्यातून येतो, चहा-बिस्किटांच्या वेळी.

मसुद्याच्या तळाशी एक ओळ आधीच टाइप झालेली होती: "ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक, अनुमोदकांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. ती ओळ मी खोडली.

सेक्रेटरींनी टाकीचा ठराव दोनदा वाचला. चेहरा पडला.

"एवढं स्पष्ट लिहिलं तर लोक विरोध करतील की हो!"