नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या निमंत्रणास उत्तर

चिरंजीव भाच्यास व सौभाग्यवती भाचेसुनेस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नातवाच्या ‘दोलजान्ची’चे सोलहून धाडलेले निमंत्रण पावले. मनःपूर्वक अभिनंदन! जन्मतःच एक वर्षाचे होऊन पुढच्या नववर्षदिनी दुसऱ्यात पदार्पण करण्याची तुमच्याकडील जुनी वहिवाट तेथील सरकारने २०२३ च्या जूनपासून कायद्याच्या कामी रद्द ठरवली, म्हणून बरे. एरव्ही प्रथम वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन वर्षांच्या गृहस्थास देण्याचा प्रसंग माझ्यावर आला असता.

समारंभाचा खरा गाभा जो ‘दोलजाबी’चा विधी, त्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. बाळासमोर सुताची लड, तांदूळ, पुस्तक, कुंचला, पैसे मांडावयाचे आणि ते ज्या वस्तूस प्रथम हात घालील तीवरून त्याचे भवितव्य ठरवावयाचे, ही रीत मला परकी नाही. आपल्याकडेही उष्टावणानंतर जीविकापरीक्षा सांगितलेली आहेच. परंतु पूर्वी पाटावर धनुष्यबाण असत तेथे आता न्यायाधीशाची हातोडी, डॉक्टरांची नळी आणि गायकाचा ध्वनिक्षेपक येऊन बसले आहेत, आणि आईबाप मनातील वस्तू बाळाच्या हाताच्या टप्प्यात सरकवून ठेवतात असे ऐकतो, तेव्हा ही परीक्षा बालकाची की पालकांच्या मुत्सद्देगिरीची, असा प्रश्न पडतो. तुझी बायको हातोडी पुढे करणार आणि तिच्या मातोश्री दीर्घायुष्याच्या आशेने सुताची लड. तू मात्र कोणतीही मसलत न करता तटस्थ राहा, कारण वर्षाचे मूल कोणाचीही दरखास्त न वाचता जे अधिक चकाकते तेच धरते, आणि हातोडी धरलीच तर पहिला निवाडा बहुधा समोरच्या ताटातील तांदळाच्या शुभ्र वड्यांविरुद्ध होतो.

त्या पांढऱ्या वड्या आणि दुष्ट शक्तींच्या निवारणार्थ केलेले ज्वारीचे तांबूस गोळे शेजाऱ्यांना जरूर वाटा, आणि पात्र रिकामे परत येऊ नये हा तुमच्याकडचा संकेत आपल्याच माजघरातला आहे हे सूनबाईंना सांग.

सोन्याच्या अंगठीविषयी थोडी कैफियत. रूढीची अंगठी एक ‘दोन’ वजनाची, म्हणजे ३.७५ ग्रॅम शुद्ध सोन्याची, म्हणजे आपल्या तोळ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि सांप्रतच्या भावात तिकडचेही आप्त एका ग्रॅमवर भागवू लागले आहेत हे वृत्त वाचून माझ्या मनास अतिशय समाधान झाले. माझीही एका ग्रॅमचीच आहे. ती सोबत येणाऱ्या माणसाकडून ताब्यात घ्यावी.

चिरंजीव आयुष्मान, विद्यावान व भरपूर झोप घेणारा (हे त्याच्या आईबापांस्तव) होवो. पाहुण्यांनी वस्तूंवर पैज लावून चिठ्ठ्या टाकण्याची तेथे प्रथा आहे, तर माझ्या वतीने एक चिठ्ठी सुताच्या लडीच्या पेटीत टाकावी; पैज जिंकल्यास बक्षीस टपालाने धाडावे.