पेनवाले साहेब

आमच्या पंपांच्या कंपनीतले विक्री व्यवस्थापक खिशाला एक निळं जेल पेन लावतात. उमेदवार खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ते टेबलावरून सरकतं. ‘‘हं, विका मला हे.’’ मग साहेब मागे रेलतात आणि जेवायला बसवलेल्या जावयाकडे सासूनं पाहावं तसे पाहत राहतात.

बहुतेक जण लगेच पेनाचे गोडवे गातात. पकड, शाई, झुळझुळ अक्षर. साहेबांना काय हवंय हे कोणी विचारत नाही. परवा एकानं पेन स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, ‘‘आता सही करून दाखवा.’’ ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा २०१३चा सिनेमा पाहिलेला दिसला. साहेबांनी शांतपणे ड्रॉवरमधून दुसरं पेन काढलं.

त्याच्या पुढचा उमेदवार प्रश्न पाठ करून आला होता. ‘‘सर, पेन कशासाठी वापरता?’’ साहेब म्हणाले, ‘‘हल्ली फारसं नाहीच, सगळं मोबाइलवर.’’ ‘‘उत्तम! आणि आवडता रंग?’’ उत्तर कानावर पडलं, आत गेलं नाही. असे अकरा प्रश्न झाले. पोलीस चौकीत बसल्यासारखं मलाच वाटू लागलं.

शेवटी एक मुलगी आली. तिनं पेनाला हातच लावला नाही.

‘‘सर, आज शेवटचं काय लिहिलंत?’’

‘‘चलन. डेमोचा पंप बाहेर काढायचा तर मलाच लिहावं लागतं. तीन प्रती, मध्ये कार्बन.’’

‘‘ह्याच पेनानं? मग तिसरी प्रत वाचता येते?’’

साहेब सावरून बसले. ‘‘गोदामवाला परत पाठवतो.’’

‘‘परत आली की?’’

‘‘पुन्हा लिहायची! तासभर गाडी खोळंबते. मागच्या आठवड्यात एक शेतकरी वाट पाहून पाहून शेजारच्या दुकानात गेला.’’ साहेबांचा आवाज चढला. ही तक्रार बहुधा घरीसुद्धा कोणी ऐकून घेत नसावं. चहावर साय धरली, पण ती मध्ये बोलली नाही.

मग म्हणाली, ‘‘तर हे पेन चलनासाठी घेऊ नका, सर. जेलला दाब द्यावा लागत नाही, म्हणून हात दुखत नाही. पण दाबच नाही तर कार्बन उमटणार कसा? तिथे बॉलपेनच हवं. चेकवर सह्या तुम्हीच करता?’’

‘‘हो.’’

‘‘मग हे तिथे ठेवा. चलनाला बॉलपेनांचा एक डबा देते. खरेदीला मंजुरी कोणाची लागते?’’

‘‘प्रशासनाची,’’ साहेब पडेल आवाजात म्हणाले. ‘‘माझं ऐकत नाहीत.’’

‘‘त्यांच्याशी माझी गाठ कधी घालून देता?’’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ‘‘चारला चालेल?’’

चारला दोघं खरोखरच प्रशासनाच्या दारात उभे होते. पगाराचं बोलणं राहूनच गेलं.