विज्ञान प्रदर्शनात विनोदाचा स्टॉल कसा मांडावा

प्रदर्शन उद्यावर आलंय, थर्माकोल संपलाय, आणि सिरिंजचा जेसीबी तुमच्याच वर्गातल्या सहा जणांनी आधीच करून ठेवलाय. घाबरू नका. अशाच होतकरू वैज्ञानिकांसाठी विनोदाचा स्टॉल असतो. साहित्य फार लागत नाही: दोन कार्डशीट, एक जाड स्केचपेन आणि तेरावं घालायला बसल्यासारखा गंभीर चेहरा. उद्दिष्ट एवढंच, की ज्यांना विनोद कळला ते हसतील, ज्यांना नाही कळला तेही हसतील, आणि कोण कुठल्या गटातला हे फक्त तुम्हाला समजेल.

१. आधी विनोद पारखून घ्या. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंदाऐवजी फणस पडला असता तर काय झालं असतं, हा विनोद चालणार नाही. तो कळायला गुरुत्वाकर्षण यावं लागत नाही, फणस पाहिलेला असला की पुरे. आपल्याला हवा तो विनोद, ज्यातलं ज्ञान काढून घेतलं की मागे नुसती बातमी उरते. उदाहरणार्थ हा:

तीन तर्कशास्त्री टपरीवर येतात. चहावाला विचारतो, "तिघांनाही चहा ना?" पहिला म्हणतो, "सांगता येत नाही." दुसरा म्हणतो, "सांगता येत नाही." तिसरा म्हणतो, "हो."

सांगून झालं की गप्प उभे राहा आणि समोरच्याचा चेहरा बघा. जो लगेच हसला त्याला काही कळलेलं नाही. या विनोदाला वेळ लागतो. पहिल्याला चहा नको असता, तर "तिघांनाही" या प्रश्नाला त्यानं सरळ "नाही" म्हटलं असतं. त्याला स्वतःला हवाय, पण बाकी दोघांचं माहीत नाही, म्हणून त्याला सांगता येत नाही. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यानं दोघांचं ऐकलंय, त्याला स्वतःलाही चहा हवाय, म्हणून एकटा तोच "हो" म्हणू शकतो. एवढं मनातल्या मनात फिरून आल्यावर जे हसू येतं ते उशिरा येतं, आणि बऱ्याचदा माणूस शेजारच्या स्टॉलवर पोचल्यावर येतं. मागे वळून बघणारे मोजा. तेच तुमचे खरे प्रेक्षक.

एक खबरदारी. सांगताना घाईत "तिघांनाही"तला "ही" खाऊ नका, आणि "कोणाकोणाला चहा?" असं तर मुळीच विचारू नका. तसं केलंत तर तर्कशास्त्र संपतं आणि तीन गोंधळलेली माणसं तेवढी उरतात.

२. मग मोठ्या आकड्यांकडे वळा. संग्रहालयातला पहारेकरी डायनोसॉरच्या हाडाकडे बोट दाखवून सांगतो, "हे हाड सहा कोटी पन्नास लाख चार वर्षं जुनं आहे." पाहुणे चकित होतात: "इतकं नेमकं कसं काय?" तो म्हणतो, "मी कामाला लागलो तेव्हा साहेबांनी साडेसहा कोटी सांगितलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली."

इथे काही पालक मान डोलावून म्हणतील, "बरोबर आहे की, चार वर्षं वाढलीच ना." त्यांना दुखवू नका, बेरीज बिचारी चुकलेली नाही. चुकलाय तो साडेसहा कोटीवरचा विश्वास. तो आकडाच लाखांच्या फरकानं मागेपुढे होऊ शकतो, त्यात चारची भर घालणं म्हणजे मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर सांगून, गाडी जरा मागे घेतल्यावर "आता दीडशे किलोमीटर आणि दोन पावलं" म्हणणं. हा विनोद कळलेल्या माणसाची खूण सोपी आहे. तो स्टॉल सोडून गेल्यावर शेजारच्या प्रकल्पात विजेची बचत ३७.४२८६ टक्के लिहिलेली बघतो आणि तिथे हसतो.

३. "जगात १० प्रकारची माणसं असतात: द्विमान पद्धत समजणारी आणि न समजणारी" हा विनोद लावू नका. फार शिळा झालाय. तरीही लावायचाच असेल तर फलक रंगवणाऱ्या ताईच्या शेजारी बसा. नाहीतर ती सुवाच्य अक्षरात "दहा प्रकारची" लिहील आणि विनोदाचा जागीच अंत होईल. द्विमान पद्धतीत १० म्हणजे दोन. ही गंमत अंकांतच आहे, अक्षरांत लिहिली की नाहीशी होते.

४. गणिताच्या शिक्षकांसाठी खास सापळा ठेवा. कार्डावर एका काल्पनिक विद्यार्थ्याचं उत्तर लिहा: १६/६४ मध्ये वरचा ६ आणि खालचा ६ कापला, उत्तर १/४. खाली प्रश्न: "या विद्यार्थ्याला किती गुण द्याल?"

उत्तर बरोबर आहे. रीत भयंकर आहे. ६ हा इथे गुणक नाही, तो वर एककाच्या जागी आणि खाली दशकाच्या जागी बसलाय, त्याला कापायचा हक्क कोणालाच नाही. तरीही १६ चौक ६४ होतात, त्याला कोण काय करणार? शिक्षक पेन हातात घेऊन थबकले की दुसरं कार्ड पुढे करा: १९/९५, ९ कापला, उत्तर १/५. मग २६/६५, उत्तर २/५. मग ४९/९८, उत्तर ४/८. चारही बरोबर. आता मुलाच्या बाजूनं वाद घाला, मोठ्या आवाजात. शिक्षक हुशार असतील तर शांतपणे १२/२४ देतील आणि म्हणतील, "काप बघू दोन." कापला की १/४ उरतो, आणि बारा तर चोवीसच्या निम्मे. दोन अंकी अंश आणि त्याहून मोठा दोन अंकी छेद घेऊन असं तिरपं कापलं, तर ही चलाखी फक्त त्या चार अपूर्णांकांत चालते. म्हणून चारच कार्डं तयार ठेवा, पाचवं शोधत रात्र घालवू नका. परीक्षेत १६/६४ येईल या आशेवर तर मुळीच राहू नका.

५. आता स्टॉलचं मुख्य आकर्षण. एक निवेदन तयार करा: "डायहायड्रोजन मोनॉक्साइड या रसायनावर तात्काळ बंदी घाला." खाली कारणं द्या.

हा पदार्थ आम्लवर्षेचा मुख्य घटक आहे. श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेल्यास जीव जाऊ शकतो. वायुरूपात अंगावर आल्यास गंभीर भाजू शकतं. लोखंड गंजवतो. कॅन्सरच्या गाठींमध्ये सापडतो. एवढं झालं की थोडी स्थानिक माहिती घाला, म्हणजे पालक जवळ सरकतील: रस्त्यांवरच्या खड्ड्यांमागे याचा मोठा हात आहे, कांद्याच्या चाळीत शिरला तर कांदा सडतो, आणि राज्यातल्या धरणांत हा पदार्थ उघडपणे साठवून ठेवला जातो.

नियम एकच, पण कडक: प्रत्येक वाक्य खरं हवं. एक जरी खोटं घुसलं तर तो विनोद राहत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी येणारा मेसेज होतो. इथली सगळी गंमत यातच आहे, की एकही शब्द खोटा न लिहिता माणूस घाबरवता येतो. काय सांगायचं ते निवडलं आणि काय नाही सांगायचं तेही निवडलं, की काम झालं. शिवाय उत्तर तुम्ही लपवलेलं नाही, ते शीर्षकातच आहे. डाय म्हणजे दोन, मोनो म्हणजे एक. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. H₂O. पाणी.

हे होणार नाही असं वाटत असेल तर ऐका. १९९७ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात नेथन झोनर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलानं विज्ञान प्रदर्शनासाठी हेच केलं. त्यानं नववीच्या ५० मुलांना विचारलं. ४३ जण बंदीच्या बाजूनं होते, सहा जणांचं ठरत नव्हतं, आणि हे पाणी आहे हे फक्त एकाला कळलं. आपण किती भोळे आहोत, हाच त्याच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. मुलंच होती ती, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या नगर परिषदेपुढे फोमच्या कपांवर बंदीचा विषय आला होता, कारण ते बनवताना म्हणे हे रसायन वापरतात. मतदानाआधी कोणाला तरी जाग आली आणि विषय मागे घेतला गेला.

तर मग कृती. सहीची पहिली ओळ प्रमुख पाहुण्यांसाठी मोकळी ठेवा. ते न वाचता सही करतील, त्यांना फीत कापून लगेच पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. ती सही पाहून मुख्याध्यापक करतील, ती पाहून पर्यवेक्षक करतील, आणि तिथून पुढे निवेदन वाचायची कोणालाच गरज उरणार नाही. तुमच्या वहीत तीन रकाने आखा: "सही केली", "घरी विचारून सांगतो" आणि "याचं सूत्र काय?" तिसऱ्या रकान्यातला माणूस धोकादायक. तो दिसताच त्याला बाजूला घ्या, खुर्ची द्या आणि स्टॉलवर मदतनीस म्हणून ठेवून घ्या. रिकामा सोडलात तर तो रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटेल.

संध्याकाळी निवेदनाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवून खरं काय ते जाहीर करा. हे टाळू नका. न सांगता घरी गेलात तर तुम्ही विनोद केला नाही, फक्त अफवा पसरवली. पाहुण्यांची सही मात्र आधी झाकून घ्या. शाळेचं नवीन सभागृह अजून व्हायचंय.

६. प्रकल्पवही लागेलच. विनोदालाही सुटका नाही. उद्देश: हसू निर्माण करणे. साहित्य: तर्कशास्त्री ३, चहावाला १. कृती: वर दिली आहे. निरीक्षण: प्रेक्षक प्रथम गंभीर, नंतर अधिक गंभीर. अनुमान: हसण्याचा वेग श्रोत्याच्या ज्ञानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आलेख काढा. बिंदू रेषेवर बसत नसतील तर रेषा जाड काढा.

७. परीक्षक येतील. ते विचारतील, "याचा समाजाला उपयोग काय?" या प्रश्नावर हसू नका, तो विनोद नाही. सांगा, "सर, यामुळे जलसाक्षरता वाढते." ते लिहून घेतील आणि पुढे जातील. झोनरला त्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, तुम्हाला उत्तेजनार्थ मिळेल. प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून नाव आणि इयत्ता तपासून घ्या, नंतर दुरुस्त करून देत नाहीत.