मात्राकाका

लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि मात्राकाका ही तीन बुकिंगं लवकर करावीत. घरच्यांनी रचलेल्या मंगलाष्टका काका दुरुस्त करून देतात, फुकट. 'मात्राकाका' हे नाव मात्र त्यांना मान्य नाही. "शार्दूलविक्रीडित हे मात्रावृत्त नव्हे, अक्षरगणवृत्त आहे!" हे ते चहा पुढ्यात येण्याआधीच सांगून टाकतात.

परवा शेजारच्या मुलाच्या लग्नासाठी त्याच्या मावशींनी कडवं आणलं. पहिल्या ओळीचा शेवट होता 'हा सोहळा साजिरा', दुसरीचा 'आली घरी लक्ष्मी'. काकांनी डोळे मिटले आणि गुरूला टाळी, लघूला चुटकी असं सुरू केलं. म-स-ज-स-त-त-ग, म्हणजे ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, पुढे सात. त्या सातांचा साचा 'कुर्यात् सदा मंगलम्' या शब्दांत सापडतो. टाळी, टाळी, चुटकी, टाळी, टाळी... आणि पुढची चुटकी हवेतच राहिली.

"मावशी, एक लघू कुठे सांडलात?"

"आम्ही 'लऽक्ष्मी' असं लांबवतो की!"

"लांबवून गुरू होतो, लघू कुठून येणार? इथे गुरू-लघू-गुरू हवं. लक्ष्मी म्हणजे नुसते दोन गुरू."

मावशीही हार जाणाऱ्या नव्हेत. "मग लक्षुमी म्हणा." काका चमकले. 'क्षु' जोडाक्षर, म्हणून आधीचा 'ल' गुरू. वृत्तात चपखल बसलं! पण 'साजिरा'शी यमक? गेलं. 'कमला' घ्यावी तर सुरुवातीलाच दोन लघू. 'ही रमा' वृत्तात बसते, पण 'साजिरा'पुढे 'रमा' हे यमक म्हणजे, काकांच्या मते, पाहुण्यांची फसवणूक. शिवाय तो 'ही' भरतीचा. भरतीचे 'ही', 'हो', 'गे' पाहिले की काकांना अॅसिडिटी होते.

शेवटी ते उद्गारले, "इंदिरा!" गुरू-लघू-गुरू, अर्थ लक्ष्मीच, यमक 'जिरा-दिरा'. 'आली घरी इंदिरा'! काकांनी स्वतःलाच टाळी दिली (हिशोबात न धरलेला गुरू).

लग्नात ओळ सुरेख म्हटली गेली. फक्त मुलीकडचे निम्मे लोक एकमेकांना विचारत होते, "इंदिरा कोण? आपली तर स्नेहल ना?"

नावांच्या बाबतीत काका निष्ठुर आहेत. वर 'अनिकेत' असेल तर खूश, कारण लघू-लघू-गुरू-लघू हे नाव चौथ्या अक्षरापासून अलगद बसतं. 'प्रसाद' सातव्यापासून. नाव कुठेच बसेना, तर ते गंभीरपणे मुलाचं पाळण्यातलं नाव विचारतात. एका वरपित्याला त्यांनी "बारशाच्या वेळी भेटला असता तर," असं हळहळून सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

तेव्हा कडवं त्यांच्याकडे पत्रिका छापायच्या आधी पोचवा, आणि नवरीचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच द्या. 'पिंकी' वृत्तात बसते, पण भटजी ते माइकवर म्हणायला तयार होत नाहीत.